दोन दिवसांचं शूटिंग, एका पानाची नोटीस: सोसायटीला आवाज आणि पार्किंगबद्दल काय, कधी आणि कसं कळवायचं

सोसायटीतला एखादा फ्लॅट दोन दिवसांसाठी शूटिंगला घेतला की कमिटीचं ना हरकत पत्र आणि लागणाऱ्या सरकारी परवानग्या प्रॉडक्शन मॅनेजर मिळवतो. मग लिफ्टजवळ एक कागद लागतो: ‘दि. 8 व 9 रोजी इमारतीत चित्रीकरण आहे, सहकार्य करावे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ हा कागद वाचून रहिवाशाला काहीच ठरवता येत नाही. गाडी काढायची का, कुठे लावायची, बाळ दुपारी झोपेल का, रात्री किती वाजता शांत होईल, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. मग पहिल्या सकाळी हे सगळे प्रश्न वॉचमनकडे जातात, वॉचमन सेक्रेटरीला फोन करतो आणि सेक्रेटरी युनिटला काम थांबवायला सांगतो.

इथे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतलं आहे. तीन विंगची, 84 फ्लॅटची सोसायटी. शूटिंग बी विंगमध्ये, फ्लॅट 302 मध्ये, मंगळवार 8 आणि बुधवार 9 डिसेंबर. शिफ्ट सकाळी 7 ते संध्याकाळी 7. आठवड्याचे मधले दिवस मुद्दाम निवडले आहेत. सकाळी दहापर्यंत निम्म्या गाड्या ऑफिसला गेलेल्या असतात आणि घरातही माणसं कमी असतात. रविवारी हीच नोटीस दुप्पट लोकांना टोचते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा शक्यतो सोसायटीत शूटिंग ठेवूच नये. ठेवावंच लागलं तर कोणत्या घरात परीक्षार्थी आहेत ते आधी विचारून घ्यावं.

लिहायच्या आधी: आवारात एक तास

नोटीस ऑफिसात बसून लिहिता येत नाही. लोकेशन मॅनेजरने सेक्रेटरी आणि वॉचमन, दोघांनाही बरोबर घेऊन आवार फिरायचं. सेक्रेटरीला नियम माहीत असतात, पण कचरागाडी किती वाजता येते, पाण्याचा पंप कधी चालू होतो, स्कूल बस कुठे उभी राहते आणि कोणती गाडी महिनोन्‌महिने जागची हलत नाही, हे वॉचमनलाच माहीत असतं. चारही गोष्टी वहीत लिहून घ्यायच्या. पुढे प्रत्येकीचा उपयोग होतो.

त्याच फेरीत गाड्यांची यादी पक्की करायची. या प्रकरणात जनरेटरची गाडी, लाइटचा टेम्पो, कॅमेरा आणि ग्रिपचा टेम्पो, आर्ट आणि प्रॉडक्शनचा मिळून एक टेम्पो आणि दोन व्हॅनिटी आहेत. शिवाय कलाकारांच्या आणि युनिटच्या गाड्या. यातल्या आत किती येणार, हा खरा प्रश्न. व्हॅनिटी लांब असते, तिला वळायला जागा लागते आणि ती दिवसभर हलत नाही. तिची सोय बाहेर, वाहतूक पोलिसांच्या परवानगीनेच करायची. युनिटच्या गाड्याही बाहेर. आत फक्त चार: जनरेटर आणि तीन टेम्पो, आणि त्यातला कॅमेऱ्याचा टेम्पो सामान उतरवून निघून जाणार. म्हणजे दिवसभर आत राहणाऱ्या गाड्या तीन, आणि त्यांना लागणाऱ्या जागा सहा. हा आकडा एकदा हातात आला की नोटीस निम्मी लिहून झाली.

आवाज: शूटिंगचा नाही, मांडामांडीचा

बहुतेक नोटिशींमध्ये शूटिंगची वेळ दिलेली असते, ‘सकाळी 9 ते संध्याकाळी 7’. पण प्रत्यक्ष टेक चालू असतो तेव्हा सेटवर टाचणी पडली तरी ऐकू येते. त्रास होतो तो त्याच्या आधी आणि नंतर. टेम्पोचा मागचा दरवाजा आपटतो, लाइटचे स्टँड आणि ट्रॉलीचे रूळ फरशीवर पडतात, माणसं एकमेकांना हाका मारतात, गाडी मागे घेताना बीप-बीप चालू असतं. हे सगळं शूटिंगच्या आधी दोन-अडीच तास आणि पॅकअपनंतर दीड तास चालतं. म्हणून नोटिशीत शिफ्टची वेळ दुय्यम. पहिली गाडी आत कधी येणार आणि शेवटची गाडी बाहेर कधी जाणार, या दोन वेळा ठळक हव्यात.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्या 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र लागू असेल तर मर्यादा आणखी कमी, 50 आणि 40. सकाळी 7 चा कॉल असला की टेम्पोवाले साडेपाचलाच गेटवर येऊन इंजिन चालू ठेवतात. तिथेच पहिली तक्रार होते. म्हणून 6:15 च्या आधी एकही गाडी आत येणार नाही आणि बाहेर थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद राहील, हे नोटिशीत लिहायचं आणि तीच वेळ कॉल शीटवर, म्हणजे युनिटला मिळणाऱ्या त्या दिवसाच्या वेळापत्रकावर, ट्रान्सपोर्टच्या रकान्यात टाकायची. नोटिशीत एक आणि कॉल शीटवर दुसरी वेळ असेल तर ड्रायव्हर कॉल शीटचंच ऐकणार.

आता जनरेटर. बंदिस्त खोक्यातल्या जनरेटरसाठी कायद्याने घातलेली मर्यादा खोक्यापासून 1 मीटरवर 75 डेसिबल आहे. बाजारात त्याला ‘सायलेंट’ म्हणतात, पण नोटिशीत तो शब्द वापरू नये. वाचणारा शांततेची अपेक्षा करतो आणि खिडकीत घरघर ऐकू आली की फसवल्यासारखं वाटतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 1 मीटरवर 75, तर 2 वर 69, 4 वर 63, 8 वर 57, 16 वर 51. आपल्या सोसायटीत मागच्या कुंपणाच्या भिंतीलगत 14 ते 19 क्रमांकाच्या जागा आहेत. 19 ही सी विंगच्या बेडरूमच्या खिडक्यांपासून जेमतेम 8 मीटरवर, 14 सुमारे 16 मीटरवर. लाइटवाले 19 मागतात, कारण तिथून केबल कमी लागते. जनरेटर 14 वरच ठेवायचा आणि केबल जास्त ओढायची. भिंत आणि इमारतीच्या मध्ये आवाज परतून येतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो या हिशेबापेक्षा थोडा जास्तच असतो. म्हणून तर ते दुप्पट अंतर हवं. धुराड्याचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला आहे ना, तेही पाहायचं. आवाज सहन करणारी माणसं डिझेलचा वास घरात आला की खाली उतरतात.

एवढं करूनही सी विंगच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या चार घरांना दिवसभर घरघर ऐकू येणारच. या चार घरांना नोटीस पुरत नाही. नोटीस लावायच्या दिवशी तिथे जाऊन सांगायचं: आजारी कुणी आहे का, घरून काम करणारं कुणी आहे का, दुपारी बाळ झोपतं का. जेवणाच्या सुट्टीत, 1:30 ते 2:15, जनरेटर पूर्ण बंद ठेवता येतो. ही पाऊण तासाची शांतता त्यांच्या मोलाची असते आणि युनिटला ती फुकट पडते.

उलट बाजूही सांगायला हवी. लोकेशनवरचा आवाज तसाच वापरायचा असेल, म्हणजे सिंक साउंड असेल, तर युनिटलाच रहिवाशांकडून शांतता हवी असते. इथे भाषा जपून वापरावी. टेकच्या वेळी शांत राहा असा हुकूम कुणाच्या घरात चालत नाही. नेमकी विनंती चालते: शूटिंगच्या फ्लॅटला लागून असलेल्या, वरच्या आणि खालच्या घरात ड्रिलिंग किंवा सुतारकाम चालू असेल तर ते दोन दिवस पुढे ढकलता येईल का. पाण्याचा पंप वॉचमनने आपल्या वेळेला सोडावा आणि त्या वेळात युनिटने आवाज नसलेले शॉट घ्यावेत. लिफ्ट मात्र टेकसाठी अडवून ठेवायची नाही. तिचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो हे खरं, पण पाचव्या मजल्यावर आजी किराणा घेऊन उभ्या असतील तर त्यांनी का थांबावं?

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. पटकथेत भांडण, किंकाळी किंवा काच फुटणं असेल तर त्याची वेळ आधी कळवा. शेजारच्या बाईंना भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं आणि त्यांनी 112 ला फोन केला, तर त्यांचं काहीच चुकलं नाही. कथा सांगायची गरज नाही. ‘बुधवारी दुपारी 4 ते 5:30 मोठ्या आवाजातल्या भांडणाच्या प्रसंगाचं चित्रीकरण आहे’ एवढं पुरतं.

पार्किंग: क्रमांक, मालक आणि आदली रात्र

‘मागच्या बाजूला गाड्या लावू नयेत’ हे वाक्य नोटिशीत येता कामा नये. मागची बाजू म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. जागांचे क्रमांक लिहायचे. ते क्रमांक लिहिण्याआधी त्या जागा ज्या सभासदांना दिलेल्या आहेत, त्या प्रत्येकाशी बोलायचं. कमिटीने आवारात शूटिंगला होकार दिला म्हणजे सभासदाची ठरलेली जागा युनिटला मिळाली, असं होत नाही.

सहा जागांपैकी 17 ही फ्लॅट 302 च्या मालकांचीच आहे. ती सगळ्यात आधी घ्यायची. भाडं त्यांना मिळतंय, तेव्हा गाडी हलवायची सुरुवात त्यांच्याकडून झालेली बाकीच्यांनाही पटते. उरल्या पाच गाड्या. पाहुण्यांच्या पार्किंगच्या चार जागा, पा-1 ते पा-4, कमिटीने दोन दिवस दिल्या. पाचवी गाडी 41 वर, तिथले सभासद सध्या परगावी आहेत आणि त्यांनी फोनवर होकार दिला आहे. तो होकार मेसेजवर लिहून घ्यायचा. कुठली गाडी कुठे जाणार हे नावाने नाही, जागेच्या क्रमांकाने लिहायचं: 14 ची पा-1 वर, 15 ची पा-2 वर. ‘पर्यायी व्यवस्था केली आहे’ एवढंच लिहिलं तर पाचही जण पा-1 वर येतात. चार्जिंग पॉइंट असलेली जागा, डॉक्टरांची जागा, नीट चालता न येणाऱ्या कुणाची लिफ्टजवळची जागा, या यादीत घ्यायच्याच नाहीत. आणि पाहुण्यांचं पार्किंग दिलं म्हणजे दोन दिवस कुणाच्याही पाहुण्याला आत गाडी लावता येणार नाही, हे उरलेल्या 79 घरांनाही सांगावं लागतं.

वेळेत सगळ्यात मोठी चूक होते ती अशी: शूटिंग मंगळवारी सकाळी, म्हणून ‘मंगळवारी सकाळी 6 पर्यंत गाडी काढावी’. सकाळी सहाला एक गाडी जागेवरच असते, मालक रात्रीच्या विमानाने गेलेले असतात आणि चावी त्यांच्या खिशात असते. म्हणून सोमवारी रात्री 9 ची वेळ द्यायची. तेव्हा एखादी गाडी राहिली तर शोधायला, फोन करायला वेळ मिळतो. पण मग जागा रात्रभर मोकळ्या दिसतात आणि अकराला परतणारा कुणीतरी तिथे गाडी लावतो. त्यावर उपाय: नऊ वाजताच सहाही जागांवर कोन ठेवून दोरी बांधायची आणि त्यावर क्रमांक आणि तारखा लिहिलेला कागद लावायचा. रात्रपाळीच्या वॉचमनला यादी हातात द्यायची. दिवसपाळीच्या वॉचमनला सांगितलेलं रात्रपाळीला कळेलच, असं धरून चालू नका.

जनरेटरची गाडी मंगळवारी रात्री आतच राहणार, बंद अवस्थेत. हे लिहिलं नाही तर मंगळवारी रात्री आठला 14 चे मालक आपली गाडी घेऊन येतात, कारण त्यांच्या मते आजचं शूटिंग संपलं. सहाही जागा सोमवार रात्री 9 पासून बुधवार रात्री 9:30 पर्यंत सलग, असंच लिहावं.

फायर इंजिनाची वाट कोणत्याही वेळी, सामान उतरवतानासुद्धा, मोकळी राहिली पाहिजे. जनरेटरची केबल गाड्यांच्या वाटेवरून जात असेल तर तिच्यावर केबल रॅम्प टाकायचा. नुसती केबल चाकाखाली चेपते, आणि दुचाकी तिच्यावरून घसरते.

संपर्काचा नंबर कुणाचा

सवयीने दिग्दर्शन विभागातल्या एखाद्या सहायकाचा नंबर दिला जातो. हा माणूस सेटवर असतो, टेकच्या वेळी फोन सायलेंटवर असतो, आणि रहिवाशाला पाच वेळा फोन करूनही उत्तर मिळत नाही. नंबर अशा माणसाचा हवा जो दिवसभर खाली आवारात असेल आणि ज्याला जनरेटर बंद करायला किंवा टेम्पो हलवायला वर विचारावं लागणार नाही. दुसरा नंबर प्रॉडक्शन मॅनेजरचा. सेक्रेटरींचा नंबर देऊ नये. तक्रार युनिटबद्दलची आहे, ती युनिटनेच ऐकावी.

नोटीस

सोसायटीच्या लेटरहेडवर नको, युनिटच्या कागदावर. पत्रात कमिटीच्या परवानगीची तारीख द्यायची. कलाकारांची नावं घालायची नाहीत, नाहीतर मंगळवारी गेटवर गर्दी जमते आणि तीही युनिटच्या नावावर जाते. मजकूर असा:

> सर्व सभासद व रहिवाशांसाठी
> बी-302 मधील चित्रीकरण: आवाज व पार्किंग
> गुरुवार, 3 डिसेंबर (नोटीस क्र. 1)
>
> मंगळवार 8 आणि बुधवार 9 डिसेंबर रोजी बी-302 मध्ये चित्रीकरण आहे. कमिटीची परवानगी दि. ____ च्या पत्राने मिळाली आहे.
>
> वेळ (दोन्ही दिवस): पहिली गाडी आत सकाळी 6:15. शेवटची गाडी मंगळवारी रात्री 8:30 ला, बुधवारी रात्री 9:15 ला बाहेर. त्यानंतर काम नाही.
>
> आवाज कधी: सामान उतरवणे 6:15 ते 8:30. जनरेटर सकाळी 7:30 ते संध्याकाळी 7, दुपारी 1:30 ते 2:15 बंद. सामान भरणे संध्याकाळी 7 नंतर. बुधवारी दुपारी 4 ते 5:30 बी-302 मध्ये मोठ्या आवाजातल्या भांडणाच्या प्रसंगाचे चित्रीकरण आहे, कृपया घाबरू नये.
>
> पार्किंग: जागा 14 ते 19 सोमवार 7 डिसेंबर रात्री 9 पासून बुधवार 9 डिसेंबर रात्री 9:30 पर्यंत सलग लागतील. या सभासदांशी आम्ही बोललो आहोत. 14 ची गाडी पा-1, 15 ची पा-2, 16 ची पा-3, 18 ची पा-4, 19 ची 41 वर. जनरेटरची गाडी मंगळवारी रात्री 14 वर बंद अवस्थेत उभी राहील. या काळात पाहुण्यांच्या गाड्यांना आत जागा नाही. बाकी सर्व जागा नेहमीप्रमाणे.
>
> लिफ्ट, जिना, गेट: कुणालाही अडवले जाणार नाही. बी विंगच्या लिफ्टमधून आम्ही सामान 8:30 ते 10 या वेळेत नेणार नाही.
>
> विनंती: बी-202, 301, 303 आणि 402 मध्ये ड्रिलिंग किंवा सुतारकाम ठरले असल्यास आम्हाला कळवावे, आपण वेळ जुळवू.
>
> अडचण आल्यास: आवारातील जबाबदार व्यक्ती ____ (फोन ____), सकाळी 6 ते रात्री 9:30. प्रॉडक्शन मॅनेजर ____ (फोन ____).
>
> आपल्याला होणाऱ्या त्रासाची आम्हाला जाणीव आहे.

8:30 ते 10 हा लिफ्टचा अवधी शाळा-ऑफिसच्या गर्दीचा आहे. तेवढा सोडला तर बी विंग अर्धी शांत राहते. सामान उतरवण्याची वेळ 8:30 ला संपते, ती त्याच्याशी जुळवूनच.

ए-4 कागदावर, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, एकाच पानात बसवा. दुसरं पान कुणी उलटत नाही. प्रत्येक लिफ्टमध्ये, प्रत्येक लॉबीत, गेटवर आणि वॉचमनच्या टेबलावर एकेक प्रत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींकडून हाच फोटो. सोसायटीत हिंदी किंवा इंग्रजी वाचणारे बरेच असतील तर तीही प्रत लावा, पण वेळा आणि क्रमांक दोघांनी मिळून ताडून पाहा. दोन भाषांत दोन वेळा पडल्या तर दोन्ही कागद निरुपयोगी होतात.

गुरुवारी लावायचं कारण मधला शनिवार-रविवार. लोक घरी असतात, वाचतात, आक्षेप घेतात, आणि तो ऐकून बदल करायला वेळ उरतो. आठ-दहा दिवस आधी लावलेली नोटीस विसरली जाते.

बदल झाला तर

कॉल शीट बदलतेच. जुन्या कागदावर पेनाने खाडाखोड करू नका. व्हॉट्सॲपवर गेलेला फोटो परत घेता येत नाही, आणि मग निम्म्या लोकांकडे जुनी वेळ राहते. म्हणूनच वर ‘नोटीस क्र. 1’ लिहिलं आहे. बदल झाला की क्रमांक 2 काढायची, पहिल्या ओळीत काय बदललं तेवढंच सांगायचं आणि सगळ्या ठिकाणचा जुना कागद उतरवायचा.

सोमवारी संध्याकाळी सहाला ग्रुपवर एकच छोटा संदेश: ‘आज रात्री 9 पर्यंत 14, 15, 16, 17, 18, 19 मोकळ्या हव्यात. उद्या पहिली गाडी 6:15 ला. बदल नाही.’ नऊला प्रत्यक्ष जाऊन मोजायचं.

मंगळवारी जनरेटर पूर्ण भारावर गेला की सी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात, परवानगी घेऊन, खिडकीत दोन मिनिटं उभं राहायचं. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप अंदाजापुरतंच. कानाला बोलणं जड जात असेल तर केबल लांबवून गाडी आणखी मागे घ्यायची किंवा बाजूला प्लायवूडचा आडोसा करायचा. आडोसा लावताना हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर जनरेटर तापून बंद पडतो.

त्या दिवसाचं पॅकअप लांबलं तर 8:30 वाजेपर्यंत वाट पाहू नका. साडेसातला कळतंच. तेव्हाच ग्रुपवर ‘शेवटची गाडी 9:15 ला’ असं कळवायचं आणि जड सामान फ्लॅटमध्येच रात्रभर ठेवून फक्त लागतं तेवढं उतरवायचं. 10 नंतर एकही ट्रॉली फिरवायची नाही, शॉट बाकी असला तरी.

बुधवारी रात्री गाड्या निघाल्यावर टॉर्च घेऊन सहाही जागा बघायच्या. जनरेटरखाली तेलाचा डाग असेल तर लाकडाचा भुसा टाकून तो तेव्हाच पुसून घ्यायचा, खिळे आणि केबलची टोकं उचलायची, मोकळ्या जागांचा फोटो काढायचा. पाचही मालकांना ‘जागा मोकळी आहे’ असा मेसेज गेला की वॉचमनकडची यादी परत घ्यायची, आणि लिफ्टमधल्या नोटिशी युनिटनेच काढायच्या.